सगळं धरून तिकीट की सुटं सुटं? मोपा ते दिल्ली, चौघांचा हिशेब

नणंदेला मुलगी झाली आणि बारशाला आम्ही चौघांनी दिल्लीला जायचं ठरलं. सासूबाई, हे, मी आणि आमचा नऊ वर्षांचा लेक. कुडाळहून रेल्वेने जायचं तर सुट्टीतले दोन दिवस गाडीतच जातात, शिवाय सासूबाईंचे गुडघे वरच्या-खालच्या बर्थचं राजकारण सोसणारे राहिलेले नाहीत. गोव्यातल्या मोपाचा विमानतळ आमच्यापासून बांद्यामार्गे तासाभरावर आहे आणि तिथून दिल्लीला थेट विमान मिळतं. त्यामुळे विमानाने जायचं हे लवकर ठरलं. वेळ गेला तो कोणतं तिकीट काढायचं यात.

एकाच विमानाच्या एकाच फेरीसाठी कंपनीने पडद्यावर तीन चौकटी दाखवल्या होत्या. पहिली सगळ्यात स्वस्त, माणशी ६,१५० रुपये, त्यात फक्त ७ किलो हातसामान. दुसरी नेहमीची, ६,७०० रुपये, हातसामान आणि शिवाय १५ किलोची बॅग काउंटरवर देता येते. तिसरी ८,४५० रुपयांची. तिच्यात बॅगेचं वजन २५ किलो, सीट आपण निवडायची, एक जेवण फुकट, आणि तारीख बदलायची झाली तर शुल्क ३,००० ऐवजी ५००. तिसऱ्या चौकटीवर 'सर्वाधिक पसंती' अशी केशरी पट्टी होती. ती कोणाची पसंती, हे अर्थातच लिहिलेलं नव्हतं.

ह्यांनी लगेच सुट्या सेवांची यादी उघडून बेरीज केली. खिडकीची किंवा कडेची सीट ३५०, जेवण ४००, आणि १० किलो जादा वजन आधी घेतलं तर ४,४००. एकूण ५,१५० रुपयांचा माल आणि तिसरी चौकट दुसरीपेक्षा फक्त १,७५० ने महाग. "म्हणजे माणशी ३,४०० वाचले. चौघांचे साडेतेरा हजार," असं म्हणून ते मोकळे झाले.

बेरीज बरोबर होती, पण त्या ५,१५० मधले ४,४०० रुपये एकट्या जादा वजनाचे होते. ते वजन आम्हाला हवं होतं का, हा प्रश्न त्या बेरजेत नव्हताच. जी वस्तू आपण सुटी विकत घेतलीच नसती, तिची छापील किंमत आपल्या बाजूने धरायची नाही. तिची किंमत आपल्यासाठी शून्य. मी वहीचं एक पान घेतलं आणि एकेका माणसापुढे, एकेका फेरीसाठी लिहायला लागले: ही गोष्ट वेगळी विकत घ्यावी लागली असती तर हिने घेतली असती का? 'हो' असेल तरच पुढे रक्कम लिहायची.

सुरुवात वजनापासून केली, कारण आमच्याकडून दिल्लीला मे महिन्यात जाताना खरा प्रश्न माणसांचा नसतो, आंब्यांचा असतो. नणंदेची मागणी पाच डझन हापूसची होती. देवगडचा मध्यम आंबा साधारण पाव किलोचा धरला तर साठ आंबे १५ किलो, त्यावर खोके आणि पेंढा तीनेक किलो, म्हणजे १८. सासूबाई महिनाभर राहणार, त्यांची बॅग १४. आमच्या तिघांचे कपडे आणि बारशाचे आहेर मिळून १८. मग कोकमं, काजूगर, उकडा तांदूळ, फणसपोळी, मालवणी मसाला असं 'थोडंसं', जे कधीच थोडंसं नसतं. ते ८ किलो. एकूण ५८.

नेहमीच्या तिकिटावर माणशी १५ म्हणजे चौघांचे ६० किलो होतात. लेकाचं तिकीट जवळजवळ पूर्ण पैशांचं असतं, पण त्याचे १५ किलोही पूर्ण मिळतात, हे पुष्कळदा हिशेबातून सुटतं. दोन वर्षांवरच्या मुलाला सीट मिळते, तसं वजनही मिळतं. राहिला प्रश्न एवढाच, की १८ किलोची बॅग कोणाच्या नावावर टाकायची, कारण ती एकाच्या १५ मध्ये बसत नाही. याचं उत्तर कंपनीच्या अटींत असतं. आमच्या कंपनीत एकाच पीएनआरवरच्या, म्हणजे एकाच बुकिंगमधल्या, सगळ्यांचं वजन एकत्र धरतात, फक्त एकही नग ३२ किलोच्या वर असता कामा नये. ही सोय प्रत्येक कंपनीत गृहीत धरू नये, आणि चौघांची तिकिटं दोन वेगवेगळ्या पीएनआरवर काढली तर ती मिळत नाही. ह्यांनी मधेच सुचवलं होतं की आईंचं एकटीचं महाग तिकीट काढू आणि आपलं स्वस्त. एका पीएनआरवर सगळ्यांना एकाच प्रकारचं तिकीट घ्यावं लागतं, तेव्हा असं करायचं तर पीएनआर फोडावा लागला असता, आणि मग ५८ किलोची गोळाबेरीज मोडली असती. आमच्याकडे ४५ किलो आणि आईंकडे २५. एकूण वजन वाढलं तरी खोकी कोणाच्या नावावर किती, हा घोळ काउंटरवर उभा राहिला असता.

सगळ्यात स्वस्त चौकटीचंही गणित करून बघितलं. हातसामानाचं तिकीट घेऊन वर १५ किलोची बॅग बुकिंगच्याच वेळी घेतली तर १,००० रुपये. ६,१५० आणि १,००० मिळून ७,१५०. म्हणजे नेहमीच्या ६,७०० च्या तिकिटापेक्षा ४५० जास्त, आणि हातात तेच. ज्याला बॅग नक्की न्यायची आहे त्याने पहिल्या चौकटीकडे बघायचं कारण नाही. ती ६,१५० ची रक्कम शोधाच्या यादीत कंपनीचं नाव वर आणायला असते. आपण यादी 'स्वस्त आधी' अशी लावतो तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या ज्या रकमा दिसतात, त्यांतल्या काही बॅगेसकट असतात आणि काही बॅगेशिवाय. तुलना तिथेच बिघडते.

आणि ५८ चे ६३ झाले असते तर? आधी घ्यायचं जादा वजन ५ किलोच्या टप्प्याने मिळत होतं, त्याला २,२०० रुपये. विमानतळावर प्रत्येक जादा किलोला ६००. सगळे सांगतात की विमानतळावर कधीही पैसे भरू नका, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं, पण ३ किलोला तिथे १,८०० पडले असते. ४ किलोला २,४००, म्हणजे तिथून पुढे आधी घेतलेलं बरं. अर्थात आम्ही दोन्ही केलं नसतं. चौघांच्या हातसामानाचे २८ किलो पडलेच होते. तांदळाची पिशवी लेकाच्या दप्तरात गेली असती.

सीटचं पान सुरू झालं तेव्हा घरात खरी चर्चा झाली. सासूबाईंनी एका वाक्यात आपला निकाल दिला, "माका कडेची व्हयी. खिडकी कोणाक व्हयी ती त्येंका दी." गुडघ्यामुळे त्यांना अधूनमधून उठून उभं राहावं लागतं, तेव्हा त्यांच्यापुढे ३५० लिहिले. ह्यांना वाटलं की त्यांना पुढची, पाय लांब करता येतील अशी मोठी सीट घेऊ, ती हजाराच्या वर होती. त्यात एक अडचण असते. ज्या रांगांत जास्त जागा असते त्यांतल्या बऱ्याचशा आपत्कालीन दरवाज्याजवळच्या असतात, आणि गरज पडली तर दरवाजा उघडायला मदत करू शकेल अशाच माणसाला तिथे बसवतात. लहान मुलं, गरोदर बायका, हातपाय नीट न चालणारी वयस्क माणसं यांना तिथे बसू देत नाहीत. पैसे भरूनही विमानात जागा बदलावी लागते. अगदी पहिल्या रांगेत पायांना जागा मिळते, पण पुढे सीट नसल्यामुळे पिशवी पायाशी ठेवता येत नाही, वर ठेवावी लागते. सासूबाईंची पिशवी म्हणजे औषधं, पाण्याची बाटली, चष्मा आणि सुपारी. ती वर ठेवून चालणारच नव्हतं. त्यामुळे मधल्या रांगेतली साधी कडेची सीट घेतली.

लेकाच्या सीटसाठी मात्र मी एक पैसा लिहिला नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने विमान कंपन्यांना सांगितलं आहे, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यायची. तिकीट काढताना पडद्यावर हे कुठेच दिसत नाही. दिसतो तो सीटचा नकाशा, ज्यात जवळजवळ प्रत्येक चौकोनावर रक्कम आहे, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पुढे जा'. आपण सीट विकत घेतली नाही तर उभं राहून जावं लागेल की काय, असं वाटण्यासारखी त्याची मांडणी असते. प्रत्यक्षात सीट घेणं ऐच्छिक असतं आणि वेब चेक-इनला कंपनी आपण होऊन जागा देते. ती कुठली असेल याची खात्री नसते, एवढंच. मी आणि लेक एकत्र बसणार हे नियमाने झालं होतं. हे कुठेतरी मागे मधल्या सीटवर अडकतील याची किंमत मी शून्य लिहिली. त्यावर ह्यांनी थोडी हरकत घेतली, पण अडीच तास झोपण्यासाठी ३५० भरायला तेही तयार झाले नाहीत.

जेवणाच्या रकान्यात चार भोपळे पडले. "थंडगार सँडविच खावचा नाय माका," हे सासूबाईंचं, आणि लेक विमानतळावर पोचायच्या आधीच घावणे संपवणार हे माहीत होतं. घरचं कोरडं खाणं विमानात चालतं. पण जे जेवणाचे पैसे खरंच धरणार आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. 'जेवण समाविष्ट' याचा अर्थ बहुधा एक सँडविच किंवा उपमा-पोह्यांचा डबा आणि एक पेय असा असतो, ताट नव्हे. आणि ते समाविष्ट असलं तरी आधी निवडावं लागतं. आमच्या कंपनीची मुदत उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंत होती. त्यानंतर जे शिल्लक असेल ते. शाकाहारी माणसाने किंवा उपास असलेल्याने निवड केली नाही, तर फुकटचं जेवण हातात येऊनही उपयोगाचं राहत नाही.

जातानाचा हिशेब असा झाला. नेहमीची चार तिकिटं २६,८००, सासूबाईंची सीट ३५०, एकूण २७,१५०. हातसामानाची चार तिकिटं आणि चार बॅगा २४,६०० अधिक ४,००० म्हणजे २८,६००. तिसऱ्या चौकटीची चार ३३,८००. ह्यांचे वाचणारे साडेतेरा हजार हे असे साडेसहा हजारांच्या जादा खर्चात निघाले. तिसऱ्या चौकटीतल्या ज्या गोष्टी आम्हाला हव्या होत्या त्यांची किंमत चौघांत मिळून ३५० रुपये, आणि तिच्यासाठी मागितले होते ७,०००. जाण्याची तारीख बारशाची, ती बदलणार नव्हती, म्हणून कमी बदल-शुल्काचंही मोल नव्हतं.

इथपर्यंत मला वाटत होतं की परतीचंही असंच होईल. म्हणून दोन्ही बाजूंचं एकदम काढायच्या बेतात होते. पण परतीची माणसं वेगळी होती आणि सामानही. सासूबाई मागे राहणार. आम्ही तिघं आठवड्याभरात परत येणार, आंबे आणि आहेर तिथे उतरवून. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकत्र काढलं तर दोन्हीकडे एकाच प्रकारचं घ्यावं, असं अॅप आपल्याला नकळत सुचवत राहतं. बहुतेक ठिकाणी दोन्ही फेऱ्यांना वेगवेगळा प्रकार निवडता येतो. निवडता येत नसेल तर दोन वेगळी तिकिटं काढावीत.

परतीचे दर असे होते: हातसामान ५,४००, नेहमीचं ५,९५०, सगळं धरून ७,६००. आम्हा तिघांना एक बॅग पुरली असती. नेहमीची तीन तिकिटं १७,८५०, त्यात ४५ किलोची सोय, ज्यातले तीस आम्ही वापरणारच नव्हतो. हातसामानाची तीन १६,२०० आणि एका माणसाच्या नावावर १५ किलोची एक बॅग १,०००, म्हणजे १७,२००. ६५० रुपये वाचले. जे गणित जाताना तोट्याचं होतं तेच येताना फायद्याचं ठरलं, कारण जाताना बॅगा माणसांएवढ्या होत्या आणि येताना तिघांत एक. ही बॅग तिकिटाबरोबरच घ्यावी लागते. नंतर घेतली तर दर चढतो, आणि विमानतळावर हातसामानाच्या तिकिटावर मोठी बॅग घेऊन उभं राहिलं तर किलोमागे आकारणी सुरू होते.

अजिबात बॅग न घेता तिघांचे २१ किलो हातातच आणले असते तर आणखी हजार वाचले असते. तो विचारही केला. पण हातसामानाला वजनाबरोबर मापही असतं. लांबी, रुंदी आणि जाडी मिळून ११५ सेंटिमीटर. आमची १८ किलोची मोठी सुटकेस जाताना भरून न्यायची तर येताना ती रिकामी असली तरी हातसामान होत नाही. तिच्याऐवजी तीन छोट्या बॅगा न्याव्या लागल्या असत्या, आणि छोट्या बॅगा विकत घेण्यात ते हजार गेले असते. शिवाय नणंद आम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवेल ही शक्यता कोणत्याच हिशेबात धरण्यासारखी नव्हती. आग्र्याचा पेठा आणि स्वेटर आलेच.

सासूबाईंच्या परतीला तिसरी चौकट खरी कामाला आली. "मी कधी येतलंय ता आता कसा सांगू? बाळाक मालीश करूचा आसा," असं त्या म्हणत होत्या. आम्ही जूनमधली एक तारीख धरली, पण ती टिकणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. त्या तारखेला नेहमीचं तिकीट ५,६०० आणि सगळं धरून ७,२५०. फरक १,६५०. कडेची सीट त्या घेणारच, म्हणजे त्यातले ३५० तसेही गेले असते. उरलेले १,३०० रुपये केवळ तारीख बदलण्याच्या मोकळिकीचे. तारीख बदलली तर शुल्कात २,५०० वाचतात. १,३०० ही २,५०० च्या निम्म्याहून किंचित जास्त आहे, तेव्हा तारीख बदलण्याची शक्यता निम्म्याहून थोडी तरी जास्त असेल तरच ते तिकीट परवडतं. दिल्लीत लेक, तिचं पहिलं बाळ आणि आजी असं समीकरण असताना ती शक्यता निम्मी कसली, मी नऊ आणे नव्हे, पंधरा आणे धरली.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. 'बदल फुकट' किंवा 'बदल ५०० रुपयांत' याचा अर्थ नवीन तारखेचं तिकीट त्याच पैशात मिळतं असा नाही. शुल्क कमी होतं. जुन्या आणि नव्या तारखेच्या भाड्यातला फरक आपणच भरायचा. हा फरक दोन्ही प्रकारच्या तिकिटांना लागतो, म्हणून तुलनेत तो धरला नाही तरी चालतं, पण खिशातून मात्र जातो. तिसरा मार्ग होता तिकीटच न काढण्याचा, म्हणजे तारीख नक्की झाली की तेव्हाच्या दराने घ्यायचं. ज्यांना मागेपुढे होणारं भाडं सोसतं त्यांना तोच सगळ्यात सरळ आहे. पण जूनमध्ये उत्तरेकडच्या शाळांना सुट्टी असते आणि तिकडून गोव्याला येणारी विमानं भरलेली असतात. तेव्हा आयत्या वेळी काय भाव लागेल याचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही काढून ठेवलं.

पैसे भरायच्या शेवटच्या पानावर माणशी, फेरीमागे कन्व्हिनियन्स फी लागते. ती तिन्ही प्रकारांना सारखीच होती, म्हणून माझ्या वहीत तिला रकाना नाही. पण दोन वेगळ्या कंपन्यांची किंवा कंपनीची साइट आणि प्रवासाचं अॅप यांची तुलना करत असाल तर शेवटच्या पानापर्यंत जाऊनच रकमा उतरवून घ्याव्यात. मी एका अॅपवर तेच विमान २०० रुपयांनी स्वस्त पाहिलं होतं. शेवटच्या पानावर तिथली फी जास्त होती आणि प्रवास विम्याचा पर्याय ठळक रंगात पुढे केलेला होता. शिवाय तिथे 'बॅग समाविष्ट' एवढंच लिहिलेलं होतं, किती किलो ते तिसऱ्या टिचकीनंतर कळलं.

निघायच्या आदल्या रात्री काजू तोलायच्या लटकत्या काट्यावर सगळे नग टांगले. सासूबाईंच्या बॅगेत खोबऱ्याच्या सुक्या वाट्या निघाल्या. सुक्या खोबऱ्यात तेल जास्त असल्यामुळे ते ज्वलनशील धरतात आणि विमानात चालत नाही. मसाला आधीच वाटलेला होता म्हणून त्यातलं खोबरं वाचलं, वाट्या मात्र घरी राहिल्या. आंबे निवडताना भावोजींनी, म्हणजे माझ्या चुलतदीरांनी, सांगितलेलं पाळलं: अढीत घालायच्या आधीचे, हिरवे कडक आंबे. पिकायला लागलेला आंबा सामानाच्या पट्ट्यावरून जाताना टिकत नाही. काउंटरवर खोक्यांना वेगळा टॅग लावला आणि माझी सही घेतली. नाशिवंत मालाचं नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही, असा त्याचा अर्थ. तिसऱ्या चौकटीत सामानाच्या काही हमीचीही ओळ होती, पण आंब्यांना ती लागू होत नव्हती, हे मी आधी अटींत वाचलं होतं. काउंटरवरच्या वजनाची बेरीज ५९ च्या थोडी खाली भरली. काटा वेगळा, आकडा वेगळा. एक किलोचा हात राखून ठेवणं बरं.

सीटचं म्हणाल तर वेब चेक-इनला मी आणि लेक शेजारी आलो, सासूबाई त्यांच्या घेतलेल्या जागेवर, आणि हे आमच्यापासून बरेच मागे, मधल्या सीटवर. दोन्ही बाजूंना धिप्पाड माणसं होती. उतरल्यावर त्यांनी ३५० रुपयांवर पुन्हा चर्चा काढली, पण परतीच्या तिकिटाला तोपर्यंत पैसे भरून झाले होते.

सासूबाईंनी अपेक्षेप्रमाणे तारीख पुढे ढकलली. शुल्क ५०० आणि भाड्याचा फरक १,१५०. नेहमीचं तिकीट असतं तर ३,००० आणि तोच फरक. आल्यावर त्यांनी पिशवीतून विमानातलं सँडविच काढून लेकाच्या हातात दिलं. "फुकट होता म्हणान घेतलंय."

आता भावोजींची गोष्ट, कारण ती आमच्या उलट आहे. देवगडला त्यांची कलमं आहेत. आमच्यानंतर त्यांना दिल्लीला एका गिऱ्हाइकाला नमुने दाखवायला जायचं होतं. मी हिशेब केलेला ऐकून त्यांनी फोन केला, "वयनी, दुसरीच चौकट काढू मा?" मी विचारलं सामान किती. आंब्यांची खोकी आणि कपडे मिळून २३ किलो. एकटेच, म्हणजे वजन वाटून घ्यायला दुसरं कोणी नाही. नेहमीच्या तिकिटावर ८ किलो जास्त. ५ किलोचा टप्पा पुरत नाही, १० चा घ्यावा लागतो, ४,४००. विमानतळावर भरले तर ४,८००. मध्यममार्ग म्हणून ५ चा टप्पा आणि उरलेले ३ किलो विमानतळावर, असं केलं तरी २,२०० आणि १,८०० मिळून ४,०००. आणि तिसरी चौकट? त्यांच्या दिवशी ती दुसरीपेक्षा १,९०० ने महाग होती. सीट आणि जेवण शून्य धरलं तरी २,१०० वाचत होते.

फक्त एक गोष्ट त्यांना तपासायला लावली. काही कंपन्यांच्या महाग प्रकारात सीट, जेवण आणि तारीख-बदल असतो, पण वजन १५ किलोच राहतं. नावं सगळ्यांची सारखीच चकचकीत असतात, फ्लेक्स, प्लस, सुपर, त्यावरून काही कळत नाही. 'काय काय समाविष्ट' ही यादी उघडून किलोचा आकडा डोळ्यांनी बघायचा. त्यांनी बघितला तेव्हा त्यांना आधी ज्या कंपनीचं विमान सकाळचं म्हणून आवडलं होतं, तिच्या महाग तिकिटात १५ च निघाले. दुपारचं विमान घेतलं, २५ वाल्या कंपनीचं. येताना आंबे नव्हते, तेव्हा हातसामानाचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं आणि रिकामी खोकी तिकडेच टाकून एका पिशवीवर परत आले.